बिनसुराच्या बाईसाठी

हेमांगी गुळवणी रोज सकाळी ऑफिसात आल्या की खांद्यावरची पर्स उतरवण्याआधी हेडफोन कानाला लावायच्या आणि मशीनकडून एकच वाक्य वदवून घ्यायच्या: ‘चार चमचे चहा पुरे.’ मशीनमधली बाई ते म्हणायची. हेमांगीताई डोळे मिटून ऐकायच्या. सगळं ठीक असेल तर “आहे तशीच आहे” असं म्हणून पर्स खाली ठेवायच्या. नसेल तर “रात्रीत कोणीतरी हात लावलाय हिला” म्हणायच्या आणि तो दिवस बेंगळुरूला मेल लिहिण्यात जायचा.

बेंगळुरूची इंजिनिअर मंडळी आवाजात अधूनमधून सुधारणा करत आणि आम्हाला सवडीनं कळवत. सुधारणा झाली की काहीतरी हमखास बिघडायचं. ‘चार’मधला च आणि ‘चमचे’मधला पहिला च हे दोन वेगळे आहेत हे मशीनला शिकवलेलं असे. सुधारणा झाली की ते शिकवलेलं विसरून बाई चमच्याला चिमट्याचा च लावून मोकळी व्हायची. त्या एका वाक्यात बाईची तब्येत कळते, असं हेमांगीताई म्हणत. मला पहिले काही दिवस ही जरा देवपूजेसारखी सवय वाटली होती. नंतर मीही डोळे मिटून ऐकायला लागले.

आमचं काम सांगायला सोपं आणि समजावायला अवघड होतं. लोक फोनशी किंवा ओट्यावर ठेवलेल्या डबीशी बोलतात, गजर लाव म्हणतात, हवा कशी आहे विचारतात, आणि डबी उत्तर देते. ते उत्तर कोणीतरी आधी लिहून ठेवावं लागतं. घरी मी हे सांगितलं तेव्हा मावशीनं विचारलं, म्हणजे तू गप्पा मारतेस का लोकांशी? मी नाही म्हटलं. मग मशीनशी? तेही नाही. शेवटी तिनं एम.ए.ला किती वर्षं लागली याचा हिशेब मनात केला आणि विषय बदलला.

बावधनच्या एका इमारतीत, फरशांच्या दुकानावरच्या मजल्यावर आमची कंपनी होती. क्लायंट बेंगळुरूचा. त्यांना हिंदी, तमिळ, बंगाली वगैरेंबरोबर मराठीही हवी होती. अगदी कळकळीनं नाही, यादीत असावी म्हणून. आमच्या आधी कुठल्याशा एजन्सीनं इंग्रजीवरून उत्तरं भाषांतरित करून दिली होती. ‘क्षमस्व, आपली विनंती पूर्ण करताना त्रुटी उद्भवली आहे.’ हेमांगीताईंनी पहिल्याच दिवशी ते वाचलं आणि म्हणाल्या, “हे ऐकून माणूस गजर लावणार नाही, वकील लावेल.”

त्या तेव्हा पंचावन्नच्या पुढे होत्या. त्याआधीचं त्यांचं सगळं आयुष्य डबिंगच्या स्टुडिओत गेलं होतं. परदेशी मालिका आणि कार्टून यांचे संवाद मराठीत लिहायचे, ओठ मिटतील तिथं वाक्य मिटवायचं, आणि कलाकार आला नाही तर स्वतःच बोलायचं. कोल्हीण, चेटकीण, दुष्ट सावत्र आई, एका जपानी मालिकेतली बोलकी किटली, सगळ्या त्याच होत्या. मग वाहिन्यांनी खर्च कमी केला. स्टुडिओच्या जागी जिम आली. नवरा आधीच वारला होता. मुलगा जमशेदपूरला नोकरीत होता आणि आईनं आता आराम करावा असं फोनवर सांगत असे. आराम हा शब्द त्या असा उच्चारायच्या की तो आजार वाटावा. आमच्याकडची जागा त्यांनी कंत्राटावर घेतली, कारण, त्यांच्याच शब्दांत, माणसांच्या तोंडी घालायचे शब्द संपले असतील तर डबीच्या तोंडी घालू.

आमचा मॅनेजर निखिलेश बोरवणकर. स्वभावानं चांगला मुलगा होता, फक्त प्रत्येक गोष्टीनं युजरला ‘डिलाइट’ झाला पाहिजे असं त्याला शिकवलं गेलं होतं. गजर लावला, एवढ्यानं त्याचं समाधान होत नसे. गजर लागल्याचा युजरला डिलाइट झाला का, हा त्याचा प्रश्न. हेमांगीताई त्याला ‘आनंदराव’ म्हणत. त्याला ते कौतुक वाटायचं.

दर शुक्रवारी उत्तरांची तपासणी असायची. नियम असा होता की प्रत्येक उत्तर मशीनच्या आवाजात ऐकायचं आणि मगच त्यापुढे मंजुरीची खूण करायची. पण मशीनमध्ये नवं वाक्य घातलं की ते बेंगळुरूला जायचं, तिथं रांगेत थांबायचं आणि मग आवाज होऊन परत यायचं. तेवढ्यात चहा गार होई. म्हणून पहिल्याच महिन्यात एक सोय झाली. हेमांगीताईंनी उत्तरं मोठ्यानं वाचायची, आम्ही ऐकायची, निखिलेशनं खुणा करायच्या.

आणि काय वाचायच्या त्या! गजराचं उत्तर होतं: ‘बरं. पाचला उठवते, तुम्ही निवांत झोपा.’ त्यातल्या ‘बरं’वर त्या अशा काही टेकायच्या की डोक्यावरून हात फिरवल्यासारखं वाटे. हवेचं उत्तर होतं: ‘आज ऊन कडक आहे. टोपी विसरू नका हं.’ त्या ‘हं’साठी अकाउंट्सचे लोक दारात येऊन उभे राहायचे. समजलं नाही तर द्यायचं उत्तर सगळ्यांचं लाडकं होतं: ‘परत एकदा सांगता का? जरा लक्ष नव्हतं माझं.’ हे त्या ओठांच्या कोपऱ्यात हसू ठेवून म्हणत, चोरी पकडलेल्या पोरीसारखं. टाळ्या व्हायच्या. निखिलेश एका दमात पानभर खुणा करायचा. शुक्रवार हा आमच्या ऑफिसात आठवड्याचा नाटकाचा प्रयोग झाला होता आणि तिकीट लावलं असतं तरी लोक आले असते. ज्या आवाजात ही उत्तरं प्रत्यक्षात जाणार होती तो आवाज तेवढा कोणी बोलावला नव्हता.

चाचणीच्या दिवशी तो आला.

क्लायंटकडून राघवेंद्र हेगडे आले होते. सौम्य, मितभाषी, मराठीचा एक शब्द न येणारे. आमच्या मीटिंगच्या खोलीत टेबलावर डबी ठेवली आणि निरनिराळ्या थरांतली माणसं एकेक करून आत बोलावली. हेगडे कोपऱ्यात बसून बोलणं नाही, चेहरे पाहत होते.

पहिल्या आल्या रंजना भिलारे. कर्वेनगरात त्यांचं पोळीभाजी केंद्र होतं. त्यांनी डबीला पाचचा गजर लावायला सांगितलं. बाई म्हणाली, बरं, पाचला उठवते, तुम्ही निवांत झोपा. शब्द सगळे तेच. पण बाईच्या ‘बरं’ला ना चढ होता ना उतार, ते दगडासारखं पडलं. ‘तुम्ही निवांत झोपा’ त्यावर येऊन आदळलं. रंजनाताई खुर्चीत ताठ झाल्या.

“माझी जाऊ असंच बोलते,” त्या म्हणाल्या.

निखिलेशनं हसून सांगितलं की मशीन आहे ते. रंजनाताईंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाचला मी कणीक मळायला उठते आणि ही मला निवांत झोपा म्हणते, असं त्या डबीलाच ऐकवत राहिल्या. कोणाचं काय चाललंय ते आधी बघावं, मग बोलावं, हेही ऐकवलं. बहुधा जावेला ऐकवायचं राहून गेलं होतं.

त्यांच्या मागून काशिनाथ पोमण आले. निवृत्त ग्रामसेवक, सासवडजवळचे. त्यांनी गावची हवा विचारली. बाईनं ऊन सांगितलं, टोपी सांगितली आणि शेवटचं ‘हं’ नाकातून असं काढलं की खोलीतल्या सगळ्यांना आपापली सासू आठवली. पोमणकाका म्हणाले, टोपीचं हिला विचारलंय कोणी? मग त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, पण खोकला आला म्हणून तो अर्धवट राहिला. बाई म्हणाली, परत एकदा सांगता का, जरा लक्ष नव्हतं माझं. काका पुन्हा बोलले, पुन्हा खोकला आला, आणि बाईनं तेच उत्तर त्याच थंडपणे दिलं.

“लक्ष नव्हतं तर खुर्ची कशाला अडवलीय?” काका म्हणाले. “आमच्या तालुक्याच्या ऑफिसात अशी एक होती.”

संध्याकाळपर्यंत एक गोष्ट स्पष्ट झाली. आम्ही मराठीतली पहिली टोमणे मारणारी डबी तयार केली होती. पुण्यात ती पारंपरिक हस्तकला म्हणून खपली असती. पण क्लायंटला ती महाराष्ट्रभर द्यायची होती.

हेगड्यांनी जाताना शांतपणे विचारलं, की आवाज स्वच्छ होता, उच्चार ठीक होते, मग माणसं दुखावली का गेली? आम्ही सगळे निखिलेशकडे पाहत राहिलो आणि निखिलेश पाण्याच्या बाटलीकडे. हेगडे सभ्य माणूस. आवाज न चढवता त्यांनी सांगितलं की महिनाअखेरीला पुन्हा चाचणी होईल. तीही अशीच गेली तर मराठीसाठी वेगळं कोणी लिहिणार नाही. हिंदी उत्तरं तयार आहेत, ती मशीनकडून मराठीत करून घेतली जातील. वाईट होतील, पण स्वस्त होतील, आणि निदान कोणाचा अपमान करणार नाहीत. अपमान करायलाही थोडी भाषा यावी लागते, हे त्यांनी म्हटलं नाही. ते हेमांगीताई जिन्यात म्हणाल्या. पण त्या दिवशी त्यांच्या बोलण्यालाही धार नव्हती.

रिक्षाची वाट पाहताना त्यांनी मला एवढंच सांगितलं की हे गेलं तर त्यांच्याकडे लिहायला काही उरणार नाही. जमशेदपूरच्या फ्लॅटला बाल्कनी आहे, तिथं बसून त्या आराम करतील. आराम हा शब्द त्यांनी नेहमीसारखाच उच्चारला.

दुसऱ्या दिवशी मात्र दोष मशीनचा आहे असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. बाई मठ्ठ आहे, एवढं सोपं वाक्य, त्यात जीव ओतायला काय लागतं! त्यांनी बेंगळुरूच्या श्रीनिधी नावाच्या इंजिनिअरला फोन लावला आणि आवाजात थोडी माया घालून द्या असं सांगितलं. श्रीनिधी बिचारा हिंदीत समजावत होता की या आवाजाला वाक्यात मधे थांबवता येतं, वेग कमीजास्त करता येतो, पट्टी थोडी वर-खाली नेता येते, त्यासाठी वाक्यात खुणा घालायच्या असतात. मायेची खूण नाही. पुढे करणार आहात का, असं हेमांगीताईंनी विचारलं. यादीत आहे, तो म्हणाला.

मग आठवडाभर हेमांगीताई खुणा घालत बसल्या. ‘बरं’नंतर छोटी विश्रांती. ‘झोपा’ जरा हळू. आता नियमाप्रमाणे प्रत्येक वाक्य बेंगळुरूला जाऊन, रांगेत थांबून परत येत होतं, आणि आम्ही दोघी एकच हेडफोन आळीपाळीनं कानाला लावत होतो. विश्रांतीनं प्रकरण चिघळलं. पूर्वी बाई नुसती फटकळ वाटायची. आता ‘बरं’ म्हणून थांबायची आणि त्या थांबण्यात तिनं डोळे फिरवले असावेत असं वाटायचं. ‘झोपा’ हळू म्हटल्यावर तर ती धमकी झाली.

एका दुपारी हेमांगीताईंनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. नंतर त्यांनी मला गजराचं उत्तर वाचायला सांगितलं. मी वाचलं. त्या म्हणाल्या, असं नाही, पगार न मिळाल्यासारखं वाच. मी सगळा रस काढून टाकून वाचलं. त्यांनी ऐकलं आणि सावकाश मान हलवली.

“ऋजुता, माया कागदावर नव्हतीच गं,” त्या म्हणाल्या. “ती माझ्या गळ्यात होती.”

हे बोलायला त्यांना काय लागलं असेल याची मला आज थोडीशी कल्पना येते. तीस वर्षं त्यांनी कसलीही वाक्यं गळ्याच्या जोरावर तारून नेली होती. किटलीला रडवलं होतं. कुठल्याही ओळीला त्या हसू देऊ शकत, म्हणून ओळीत हसू आहे की नाही हे पाहायची गरजच कधी पडली नव्हती. आणि आम्ही, भाषेचे सगळे पदवीधर, त्यांच्या गळ्याला टाळ्या देऊन कागदावर खुणा करत होतो.

त्या शुक्रवारपासून वाचन बंद झालं. अकाउंट्सचे लोक येऊन परत गेले. निखिलेश म्हणाला, थोडंसं तरी वाचा, टीमचं मनोबल वाढतं. हेमांगीताई म्हणाल्या, आनंदराव, मनोबलावर गजर लागत नाही.

त्यांनी कामाची नवी पद्धत काढली. घरून येताना लसणाचा गड्डा नाही तर मटाराच्या शेंगा आणायच्या. टेबलाकडे पाठ करून बसायचं आणि सोलत राहायचं. कारण डबीशी बोलणाऱ्या बाईचे हात कधी मोकळे नसतात आणि ती डबीकडे बघतही नसते. मी मागे बसून आदल्या दिवशी मागवलेले आवाज उलटसुलट क्रमानं एकेक वाजवायचे. मधूनच त्यांना प्रश्न विचारायचा, मधूनच गप्प राहायचं, म्हणजे पुढे काय येणार हे त्यांना कळू नये. आणि परीक्षा एकच: उत्तर ऐकून उलट बोलावंसं वाटलं की ओळ बाद.

या कामासाठी त्यांच्याइतकं योग्य माणूस पुणे जिल्ह्यात नसावं. उलट बोलणं हा त्यांचा श्वास होता. बसमधल्या कंडक्टरपासून कंपनीच्या डायरेक्टरपर्यंत कोणालाही त्यांनी सरळ उत्तर दिल्याचं माझ्या पाहण्यात नाही. आता ती सगळी ऐपत त्यांनी त्या डबीसमोर मांडली.

‘ठीक आहे, लक्षात ठेवते.’ बाई म्हणाली.

“मेहेरबानी,” हेमांगीताई मटार सोलत म्हणाल्या. ओळ गेली.

‘हो का? छान.’ त्यावर त्यांनी जे म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. ओळ गेली. ‘नक्कीच’ गेलं, ‘अच्छा’ गेलं, ‘बोला, काय म्हणता’ गेलं. जे जे शब्द आपण रोज सुरावर पेलतो, आणि ज्यांना स्वतःचं असं वजन काहीच नाही, ते सगळे सपाट आवाजात उघडे पडले. ‘बरं’ एकटंच किती उघडं असतं, हे मला त्या दिवसांत कळलं.

मग एकेक ओळ नव्यानं. गजराचं उत्तर झालं: ‘पाचचा गजर लावला.’ बस्स. झाल्या कामाची बातमी. बातमीला उलट बोलता येत नाही. हवेच्या उत्तरातून टोपी काढली. सल्ला प्रेमानं दिलेला नसला की तो फक्त सल्ला राहतो. पावणेदहाला बाई ‘नऊ पंचेचाळीस’ म्हणायची, रेल्वेच्या खिडकीवर बसल्यासारखी. तिथं पावणे, सव्वा, साडे हे मिनिटांवरून निवडायची तजवीज श्रीनिधीकडून करून घेतली. लोक फोनमध्ये नावं काय वाटेल ती ठेवतात, ‘सुतार नवीन’, ‘आई घर’, आणि त्यापुढे आमचं ‘ला फोन लावते’ चिकटलं की बाई अडखळल्यासारखी वाटे. म्हणून ‘फोन लावते’ आधी आणि नाव शेवटी. अशी बारीक बारीक कामं. लिहिण्यासारखं त्यात फार काही नव्हतं, आणि हेमांगीताईंना ते खुपत असणार. जितकं चांगलं जमत होतं तितक्या त्या वाक्यांतून नाहीशा होत होत्या.

अडलं ते लाडक्या ओळीशी. ‘परत एकदा सांगता का? जरा लक्ष नव्हतं माझं.’ बाकी सगळं कापलं तरी तिला हात लावायला त्या तयार नव्हत्या. थोडी बदलून पाहू, म्हणायच्या. त्यांनी ती दहा प्रकारे बदलली. पोमणकाका दहाही वेळा उठून गेले असते. मी भीत भीत साधं ‘परत सांगाल?’ सुचवलं. बाईचा आवाज प्रश्नाला नीट चढत नसे. त्यामुळे ते ‘परत सांगाल तर बघा’सारखं ऐकू आलं. ‘पुन्हा सांगा’ म्हटलं तर फौजदार. माफी मागून पाहिली, तर माफी इतक्या वेळा इतक्या कोरडेपणानं येई की हिला शरम नाही असं वाटायचं.

दोन दिवस हे चाललं. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला न विचारता एक ओळ घातली आणि मटाराकडे वळल्या. मी मधे खोकले, काहीतरी पुटपुटले, आणि आवाज वाजवला.

‘मला नीट ऐकू आलं नाही. अजून एकदा सांगा ना.’

हेमांगीताईंचे हात चालू राहिले. मी वाट पाहिली. त्यांनी एक शेंग सोलली, दुसरी घेतली.

“पाचचा गजर,” त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. म्हणजे त्यांनी अजून एकदा सांगितलं होतं.

त्या ‘ना’नं काम केलं होतं. ‘हं’ला सूर लागतो, ‘ना’ सुराशिवायही हात पुढे करतो. आणि चूक ऐकणाऱ्याची नाही, माझी, हे आधीच सांगून टाकलं होतं. मी म्हटलं, जमलं. त्या म्हणाल्या, जमलं खरं, पण यात आहे काय? पुसून टाकलेल्या जुन्या ओळीची जागा पडद्यावर थोडा वेळ रिकामी दिसत होती. त्या तिकडे बघत नव्हत्या.

महिनाअखेरीला हेगडे आले. या वेळी रंजना भिलारे आणि पोमणकाका यांना मुद्दाम परत बोलावलं होतं. रंजनाताई डबीला पाहून आधीच तोंड वाकडं करून बसल्या. निखिलेशनं त्यांना सांगितलं होतं की घरी बोलाल तसंच बोला, आणि त्यांनी ते शब्दशः घेतलं. आमच्या ऑफिसातल्या कामवाल्या शोभाताई ओळखीच्या निघाल्या, तर त्यांच्याशी गप्पा मारता मारता त्यांनी डबीला भाताची वेळ लावायला सांगितली. बाई म्हणाली, वीस मिनिटं लावली. रंजनाताई ‘हां’ म्हणाल्या आणि शोभाताईंच्या मुलीच्या लग्नाचं पुढे विचारू लागल्या.

एवढंच. मी हेमांगीताईंकडे पाहिलं. त्या खोलीच्या काचेपाशी उभ्या होत्या. चेहऱ्यावर काही नव्हतं, पण काचेवर टेकलेली बोटं सुटी झाली होती.

पोमणकाकांना खोकला याही वेळी आला. बाईनं अजून एकदा सांगा ना म्हटलं. काकांनी घसा साफ केला, मोठ्यानं आणि सावकाश पुन्हा सांगितलं, आणि नंतर बाहेर येऊन म्हणाले की मशीन जरा कमी ऐकतं, पण वागायला बरं आहे. दिवसभरात कोणी हसलं नाही, कोणी दाद दिली नाही, कोणाला एकही वाक्य लक्षात राहिलं नाही. निखिलेश हिरमुसला. यात डिलाइट कुठाय, असं त्याला हेगड्यांसमोर विचारावंसं वाटत होतं, आणि त्यानं विचारलंही. हेगडे म्हणाले की आज एकही माणूस डबीशी भांडला नाही, त्यांना तेवढं पुरे आहे. मराठी राहील.

संध्याकाळी निखिलेशनं केक मागवला. केकवर बेकरीनं इंग्रजीत अभिनंदन लिहिलं होतं. भाषण त्यानं केलं, टीमवर्क या विषयावर. हेमांगीताईंनी केकचा तुकडा घेतला, वरचं क्रीम बाजूला सारलं आणि खाल्ला.

पुढचं मला जरा उशिरानं समजलं. उत्तरं एकदा बसली की त्यांना लिहिणारं माणूस लागत नाही. घर बांधून झाल्यावर गवंड्याला कोणी ठेवून घेत नाही. मराठी राहिली, त्यामुळे मराठीचं काम संपलं. देखभालीला एक कनिष्ठ माणूस पुरेल असं क्लायंटनं कळवलं, आणि ती कनिष्ठ मी होते. निखिलेशला हे सांगताना खरोखर वाईट वाटत होतं. त्यानं हेमांगीताईंच्या कामामुळे सगळ्यांना फार डिलाइट झाला असं सांगितलं. त्या म्हणाल्या, आनंदराव, तुम्ही आता हा शब्द मलाच देऊन टाका, मी सोबत घेऊन जाते.

मी चिडले होते. मशीनचा आवाज न ऐकता खुणा करण्याची चूक सगळ्यांची होती आणि ती निस्तरली यांनी एकटीनं, हे सांगायला निखिलेशच्या केबिनपर्यंत गेलेही. हेमांगीताईंनी हाताला धरून परत आणलं. त्यांना दया नको होती आणि माझ्या संतापाचा उच्चार त्यांना आवडला नव्हता. इतक्या चढ्या सुरात वाक्यात काय आहे ते ऐकूच येत नाही, म्हणाल्या.

शेवटच्या दिवशी त्यांनी ड्रॉवर रिकामा केला. दोन पेनं, खोकल्याच्या गोळ्या, एक शाल. जमशेदपूरची गाडी दुसऱ्या दिवशीची होती. अकाउंट्सच्या लोकांनी एकदा ती जुनी ओळ वाचून दाखवा म्हणून गळ घातली. त्यांनी वाचली नाही. आता आवाज बसलाय, म्हणाल्या, आणि तो बसलेला नव्हता हे सगळ्यांना ऐकू येत होतं.

मी त्यांना सोडायला खाली गेले. माझ्याकडे बोलायला पुष्कळ होतं. ज्या घरांत ती डबी पोहोचेल तिथं रोज पहाटे तुमचं वाक्य बोललं जाईल आणि कोणी त्याकडे लक्ष देणार नाही, हे केवढं मोठं आहे, असं काहीतरी मी मनात जुळवून ठेवलं होतं. जिना उतरताना ते मला हळूहळू भाषणासारखं वाटायला लागलं. मी ते सोडून दिलं. फरशांच्या दुकानासमोर ट्रक उभा होता, त्यामुळे रिक्षा जरा पुढे जाऊन थांबली. मी त्यांची पिशवी आत ठेवली. त्यांनी पदर सावरला, आत बसल्या, आणि बाहेर वाकून अगदी सपाट आवाजात मला म्हणाल्या,

“रिक्षावाल्याला सांग, चौकात खोदून ठेवलंय. आतल्या गल्लीनं घे म्हणावं.”